सांगलीच्या हळदीला लंडनहून आलेली मोठी ऑर्डर: दर कळवायच्या आधी काय काय तपासलं

मेल सकाळी आला होता आणि तो वाचून कुणालाही आनंदच झाला असता. लंडनची फूड डिस्ट्रिब्युशन कंपनी, परचेस मॅनेजरची सही, खाली लोगो, पत्ता, कंपनी नंबर, व्हॅट नंबर सगळं व्यवस्थित. मजकूर साधारण असा: आम्हाला भारतातून हळद हवी आहे, महिन्याला सहा कंटेनर, वर्षभराचा करार, तुमची क्वालिटी आम्हाला माहिती आहे, तेव्हा सॅम्पलची गरज नाही, आज संध्याकाळपर्यंत लेटरहेडवर दरपत्रक, बँक डिटेल्स आणि आयईसीची म्हणजे आयात-निर्यात कोडची कॉपी पाठवा म्हणजे व्हेंडर म्हणून नोंदणी करून टाकतो.

हा मेल माझ्या चुलत भावाला आला. दादाचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे आणि कुपवाडला पॉलिशचं छोटं युनिट. आतापर्यंत माल मुंबईच्या निर्यातदारांना द्यायचा, स्वतःच्या नावानं बाहेर पाठवायचं गेल्या वर्षीच ठरवलं, आयईसी काढला, स्पायसेस बोर्डाची नोंदणी केली आणि एका बी टू बी पोर्टलवर प्रोफाइल टाकलं. मी एका एक्सपोर्ट हाऊसमध्ये डॉक्युमेंटेशन बघते म्हणून त्यानं मेल मला फॉरवर्ड केला, आणि मागोमाग फोन: "अगं, दर काय लावू सांग लवकर, आजच पाठवायचाय."

मी म्हणलं दादा, रिप्लाय आजच जाऊ दे, पण त्यात दर नको. आणि फॉरवर्ड केलेल्या मेलनं भागणार नाही, मूळ मेल तुझ्या लॅपटॉपवर तसाच उघडा ठेव, मी येते. (फॉरवर्ड केला की मूळ हेडर निघून जातात, मग मेल खरंच कुठून आला ते माझ्याकडून बघता येत नाही.)

पहिल्यांदा खटकलं ते सहा कंटेनर. वीस फुटी कंटेनरमध्ये आत साधारण 33 घनमीटर जागा असते आणि हळकुंड हलकं, पोकळ बसणारं, त्यामुळं पोत्यात भरलेली हळकुंडं पंधरा-सोळा टनांच्या आसपासच बसतात. मेलमध्ये लिहिलं होतं प्रत्येक वीस फुटीत 25 टन. साखर-तांदूळ घेणारा माणूस असं लिहू शकतो, पण जो वर्षानुवर्षे हळद उतरवून घेतोय तो नाही लिहीत. बरं, 25 सोडा, आपल्या हिशोबानं सोळा टन धरले तरी महिन्याला 96 टन झाले, वर्षाला साडेअकराशे टनांच्या पुढं. एवढा माल घेणारा माणूस सांगलीतल्या एका नवीन निर्यातदाराला सॅम्पलशिवाय, जात राजापुरी की सेलम हेसुद्धा न विचारता ऑर्डर देईल का? हळकुंड हवं की गड्डा, पॉलिश किती, हळदीला पिवळा रंग देणारं करक्युमिन किती, यातलं एक अक्षर मेलमध्ये नव्हतं. ब्रिटनमध्ये हळद विकणाऱ्याला अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाच्या मर्यादा पाळाव्याच लागतात, माल पोर्टवर किंवा नंतर तपासणीत अडकला तर नुकसान त्याचं, म्हणून खरा खरेदीदार दराच्या आधी लॅब रिपोर्ट मागतो. इथं घाई फक्त लेटरहेड आणि बँक डिटेल्सची होती.

पण एवढ्यावर खोटा म्हणून चालत नाही. नवीन माणूस परचेसला बसला असेल, अंदाज चुकला असेल, म्हणून पुढं तपासलं.

ब्रिटनमधल्या कंपन्यांची माहिती Companies House या सरकारी साइटवर फुकट बघता येते, नाव किंवा कंपनी नंबर टाकायचा की स्थापना कधीची, रजिस्टर्ड पत्ता, संचालक कोण, धंद्याचा कोड, दाखल केलेले ताळेबंद सगळं दिसतं. दादानं स्वतःच नंबर टाकला आणि एकदम खुश. कंपनी वीस वर्षांहून जुनी, चालू, धंद्याचा कोड 46370 म्हणजे चहा-कॉफी-कोको-मसाल्याचा घाऊक व्यापार, पत्ता मेलमधलाच, व्हॅट नंबर gov.uk वर टाकला तर तोही त्याच कंपनीचा निघाला. दादा म्हणाला, "बघ, सगळं खरं आहे, उगीच घाबरवतेस."

आणि इथंच बरेच लोक तपासणी थांबवतात, म्हणून हा मुद्दा मला सविस्तर लिहायचाय. कंपनी खरी आहे एवढंच यातून कळलं. मेल त्या कंपनीनं पाठवलाय हे यातून अजिबात कळत नाही. कंपनी नंबर, व्हॅट नंबर, पत्ता, लोगो हे सगळं उघड्यावर पडलेलं असतं, कुणीही उचलून आपल्या मेलखाली लावू शकतो. उलट फसवणारा मुद्दाम चांगल्या रेकॉर्डची, जुनी कंपनी निवडतो, कारण आपण तपासणार हे त्याला माहितीच असतं. नवीन खोटी कंपनी काढून धंदा करणारेही असतात, 2024 च्या मार्चपर्यंत Companies House आलेली माहिती फारशी न तपासता नोंदवून घ्यायचं, त्यानंतर त्यांचे अधिकार वाढले, पण आमचा प्रकार त्यातला नव्हता. आमचा प्रकार दुसऱ्याचं नाव लावून बोलणाऱ्याचा होता.

ताळेबंद मात्र उघडून बघितला. त्यात वर्षअखेरचा मालसाठा दिलेला होता. दादाच्या तेव्हाच्या दरानं 96 टनांची किंमत दीड कोटीच्या आसपास जात होती, आणि कंपनीचा सगळ्या मसाल्यांचा मिळून साठा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. म्हणजे ती कंपनी खरंच हळद घेत असेल, पण एवढी नाही. लहान कंपन्यांचे ताळेबंद त्रोटक असतात, विक्रीचा आकडा बहुतेक वेळा नसतोच, पण साठा आणि येणं-देणं दिसलं तरी ऑर्डरच्या आकाराशी ताडून बघता येतं.

मग मेलचा पत्ता. सही खाली कंपनीच्या खऱ्या वेबसाइटचं नाव होतं, ते .co.uk वर संपणारं. मेल मात्र आला होता तेच नाव, पुढं -imports जोडलेलं आणि शेवटी .com असलेल्या पत्त्यावरून. घाईत वाचलं तर डोळा सहज पुढं जातो, दादाचाही गेला. मी lookup.icann.org वर ते डोमेन टाकलं, नोंदणीची तारीख आली जेमतेम महिन्याभरापूर्वीची. वीस वर्षं जुनी कंपनी आणि महिन्याचं डोमेन. कंपन्या नवीन डोमेन घेतात हे खरं, पण मग जुन्या वेबसाइटवर त्याचा कुठंतरी उल्लेख असतो, इथं काहीच नव्हता.

जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांवर क्लिक केलं की Show original असतं, तिथं SPF, DKIM, DMARC या पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या तपासण्यांसमोर PASS दिसतं. दादाच्या मुलानं ते बघितलं आणि म्हणाला आत्या, पास आहे की सगळं. हा गैरसमज फार जणांचा आहे. पासचा अर्थ एवढाच की मेल ज्या डोमेनवरून आलाय म्हणतो त्याच डोमेनवरून आलाय. ते डोमेन खऱ्या कंपनीचं आहे की चोरानं विकत घेतलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. स्वतःच्या डोमेनवरून पाठवलेला चोराचा मेल व्यवस्थित पास होतो. फेल आलं तर सावध व्हायचं, पास आलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

फोन नंबर +44 70 नं सुरू होत होता. ब्रिटनचे मोबाइल 07 नं सुरू होतात त्यामुळं तो मोबाइलसारखा वाटतो, पण 070 हे तिथले पर्सनल नंबर, त्यावर आलेला कॉल दुसरीकडं कुठंही वळवता येतो, माणूस प्रत्यक्षात कोणत्या देशात बसलाय ते कळत नाही. लंडनच्या ऑफिसचा लँडलाइन +44 20 नं सुरू होतो. व्यापारी कंपनीच्या परचेस मॅनेजरच्या सहीत फक्त 070 चा नंबर असेल तर मी त्याला मोठी खूण मानते.

एवढं होईपर्यंत दुपार झाली होती, वहिनीनं चहा ठेवला आणि आम्ही रिप्लाय लिहायला बसलो. रिप्लाय द्यायचाच, कारण संशयावरून गप्प बसलं तर खरं गिऱ्हाईक जाऊ शकतं, आणि खोट्याला प्रश्न विचारले की त्याच्या उत्तरातून बरंच कळतं. इंग्रजीत गेलेल्या मेलचा मतितार्थ असा:

"आपल्या चौकशीबद्दल आभार. आम्ही सांगलीतून राजापुरी हळद, हळकुंड आणि गड्डा, पॉलिश करून 25 आणि 50 किलोच्या पोत्यात देतो, स्पायसेस बोर्डाकडं आमची नोंदणी आहे. दर देण्यासाठी कृपया कळवा: हळकुंड की गड्डा, किमान करक्युमिन आणि जास्तीत जास्त ओलावा किती, कोणते लॅब रिपोर्ट लागतील, कोणत्या बंदरापर्यंत आणि कोणत्या अटीवर दर हवा, पेमेंट कसं कराल, आणि सध्या हळद कुठून घेता. आपल्या कंपनीच्या मुख्य डोमेनवरून एक मेल पाठवावा ही विनंती. पहिली ऑर्डर एका कंटेनरची आणि सॅम्पल मंजूर झाल्यावर घेतो."

यात काय दिलं बघा: काय विकतो, कसं भरतो, नोंदणी आहे. काय नाही दिलं: दर, बँक खातं, आयईसीची कॉपी, पॅन, सहीशिक्क्याचं लेटरहेड. दर न देण्यामागं आडमुठेपणा नाही, पॉलिश, करक्युमिन, पोतं, बंदर आणि पेमेंटची अट कळल्याशिवाय हळदीचा खरा दर निघतच नाही, सौद्यातला भाव रोज हलतो. एकदा आकडा गेला की पुढची सगळी बोलणी त्या आकड्याच्या खालीच होतात, आणि तो आकडा तुमच्या स्पर्धकाकडं जाणार नाही याची खात्री नसते, दर काढून घेण्यासाठी केलेल्या चौकश्याही पुष्कळ येतात. लेटरहेडचा धोका याहून मोठा. तुमची सही, शिक्का, खातं छापलेली प्रोफॉर्मा इन्व्हॉइस हातात पडली की त्यावरचा खातेनंबर बदलून तुमच्या नावानं तिसऱ्याला फसवता येतं, आणि तो तिसरा पैशासाठी तुमच्या दारात येतो.

उत्तर लगेच आलं, पण प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती. करक्युमिन, ओलावा, लॅब रिपोर्ट सगळ्यासाठी एकच वाक्य, तुमची स्टँडर्ड क्वालिटी मान्य. मुख्य डोमेनवरून मेल पाठवायच्या विनंतीवर: सर्व्हरचं काम चालू आहे म्हणून इम्पोर्ट विभागाचं वेगळं डोमेन. दादाला वाटलं होतं पुढं रजिस्ट्रेशन फी मागतील, कारण तसले किस्से मार्केट यार्डात सगळ्यांनी ऐकलेत. फी मागितलीच नाही, त्यामुळं तो पुन्हा डळमळला. पण पेमेंटच्या अटीत सगळं उघडं पडलं: माल पोचल्यावर साठ दिवसांनी पैसे, आणि ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग बँकेमार्फत न पाठवता थेट आमच्या वेअरहाऊसच्या पत्त्यावर कुरिअर करा, वेळ वाचेल.

ही अट नीट समजून घ्या. जहाज कंपनी माल चढवल्यावर जे ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग देते, तोच मालाचा ताबा मिळवायचा कागद. तिकडच्या बंदरात तो कागद जो दाखवेल त्याला कंटेनर मिळतो. म्हणून आपण कागद आपल्या बँकेतून त्याच्या बँकेत पाठवतो, त्यानं पैसे भरले की त्याची बँक त्याला कागद देते, याला डीपी म्हणतात. डीएमध्ये त्यानं पुढच्या तारखेला पैसे देईन म्हणून हुंडी स्वीकारली की कागद सुटतात, म्हणजे उधारीच, पण निदान बँकेकडं त्याची सही असते. इथं तर बँकच मधून काढून टाकलेली. कागद थेट गेला म्हणजे माल गेला, आणि साठ दिवसांनी तगादा लावायला गेलात तर खरी कंपनी म्हणणार आम्ही काहीच मागवलं नाही, आणि ते बरोबरच असणार. फी मागणारा दहा-वीस हजार घेऊन जातो, हा पहिल्याच खेपेला पंचवीस लाखांची हळद घेऊन गेला असता. ब्रिटनच्या नामांकित दुकानांच्या, वितरकांच्या नावानं असा उधारीत माल उचलायचा प्रकार तिथल्या पोलिसांनाही माहिती आहे, युरोपातले पुरवठादार यात भरपूर फसलेत.

वेअरहाऊसचा पत्ता लंडनचा नव्हता, दुसऱ्या शहराचा. पोस्टकोड गूगल मॅपवर टाकून स्ट्रीट व्ह्यू बघितला तर भाड्यानं खोल्या देणारं सेल्फ स्टोरेज, शटर-शटरची रांग.

दादा म्हणाला, "एलसी देतो म्हणाला तर करायचं का?" चांगला प्रश्न होता. एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं पैशांची दिलेली लेखी हमी. एलसी खरी असेल तर ती त्याच्या बँकेकडून स्विफ्टनं आपल्या बँकेत येते आणि आपली बँक आपल्याला कळवते. मेलला जोडून आलेली एलसीची पीडीएफ म्हणजे नुसता कागद, कितीही शिक्के असू देत. खरी आली तरी ती कोणत्या बँकेनं काढली आणि अटी आपल्याला पाळता येण्यासारख्या आहेत का, हे बँकेतल्या फॉरेक्सवाल्याला दाखवून घ्यायचं.

आता शेवटचं काम राहिलं होतं आणि खरं तर तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. खऱ्या कंपनीला फोन. नंबर मेलमधला घ्यायचा नाही, त्या मेलमधल्या लिंकवरूनही वेबसाइट उघडायची नाही, आपण स्वतः शोधून कंपनीच्या मूळ साइटवरचा लँडलाइन घ्यायचा. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, हिवाळ्यात साडेपाच, त्यामुळं दुपारी दोन-अडीचनंतर त्यांचं ऑफिस लागतं. दादा इंग्रजीला बिचकत होता म्हणून मी बोलले. एवढंच विचारलं, की अमुक नावाचे परचेस मॅनेजर तुमच्याकडं आहेत का, आम्हाला अमुक डोमेनवरून हळदीची चौकशी आली आहे. पलीकडच्या बाईंनी डोमेनचं नाव ऐकूनच लगेच सांगितलं, हे आमचं नाही, या नावाचं कुणी इथं काम करत नाही, आणि भारतातून फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. त्यांनी मेल मागून घेतला, आम्ही हेडरसकट पाठवला. lookup.icann.org वर डोमेन जिथून घेतलंय त्या रजिस्ट्रारचा तक्रारीचा पत्ताही दिसतो, तिथंही एक मेल टाकला.

चोराला काहीच कळवलं नाही. तो दोन दिवस दरपत्रक मागत राहिला, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आला, मग थांबला. त्याला "आम्हाला कळलं तू कोण आहेस" असं लिहायचा दादाच्या मुलाला फार मोह झाला होता, मी नको म्हणलं, आपण काय बघून ओळखलं ते त्याला आयतं कशाला सांगायचं.

फोनवर उत्तर मिळालं नसतं तर काय, हे दादानं विचारलं. पुष्कळदा नाही मिळत, ऑपरेटर घेतच नाही किंवा भाषेचा प्रश्न येतो. मग ईसीजीसी या निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीकडून त्या खरेदीदाराचा रिपोर्ट काढता येतो, फी पडते, पण कंटेनरच्या किमतीपुढं ती काहीच नाही. उधारीवर माल द्यायचाच असेल तर त्या खरेदीदारावर ईसीजीसीचं कव्हर मिळतं का ते आधी बघायचं, नाही म्हणाले तर उधारी नाही. पण रिपोर्ट मागतानाही तोच पेच असतो: रिपोर्ट खऱ्या कंपनीचा येणार आणि चांगलाच येणार. आपल्याशी बोलणारा माणूस त्या कंपनीतला आहे का, हे त्यातून कळत नाही. ते फोन करून किंवा कंपनीच्या मूळ डोमेनवर मेल टाकूनच कळतं.

आणि उलट बाजूही सांगते, नाहीतर वाचणारा प्रत्येक चौकशी डिलीट करत बसेल. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाला बांगलादेशातल्या चितगावहून एक मेल आला. साधा जीमेल, सही नाही, लोगो नाही, इंग्रजी मोडकंतोडकं. पण पहिल्याच ओळीत विचारलेलं हळकुंड की गड्डा, पॉलिश सिंगल की डबल, नवीन माल की जुना, मोड किती, आणि एक कंटेनर, एलसी अ‍ॅट साइट म्हणजे कागद दाखवताच पैसे. दादाला तो मेल फालतू वाटला होता, मला तो वाचता वाचताच बरा वाटला, कारण हळद हाताळलेला माणूस तसेच प्रश्न विचारतो. त्यालाही आम्ही तेच केलं, प्रश्न आधी, दर नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी सगळी उत्तरं दिली, बांगलादेशातलं इम्पोर्ट रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट पाठवलं, बँकेचं आणि शाखेचं नाव दिलं, ते आमच्या बँकेतून तपासून घेतलं, आणि सॅम्पल कुरिअरचा खर्च तो स्वतः द्यायला तयार झाला. व्हिडिओ कॉलवर गोडाऊन दाखव म्हणलं तर लगेच दाखवलं, मागं हमाल पोती उतरवत होते आणि तो मधेच त्यांच्यावर ओरडत होता.

त्याला दर दिला. चितगाव बंदरापर्यंतचा, पॉलिश आणि पोतं लिहून, तीनच दिवसांची मुदत घालून, आणि बँक डिटेल्स त्या दरपत्रकात नव्हत्या, सॅम्पल मंजूर झाल्यावरच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये दिल्या. त्यानं किलोला दोन रुपये कमी करून मागितले, दादानं एक सोडला, आणि एलसी बँकेत आल्यावरच हळद पॉलिशला घेतली.